कमी दिसते, पण नेमके कुठे?

साठी ओलांडलेल्या रुग्णांच्या तोंडून दवाखान्यात हमखास ऐकू येणारे एक वाक्य आहे : "डॉक्टर, हल्ली जरा कमी दिसतं." सोबत आलेला मुलगा किंवा सून लगेच पुढचे वाक्य पूर्ण करते : "मोतीबिंदू असेल. थंडी पडली की करून घेऊ." बहुतेक वेळा हा अंदाज खराही ठरतो, कारण या वयात नजर कमी होण्याचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदूच असते. परंतु त्याच्या आडोशाला आणखी दोन आजार दडून राहतात. एक काचबिंदू आणि दुसरा वयोमानानुसार होणारी मॅक्युलाची झीज, म्हणजेच मॅक्युलर डीजनरेशन. मोतीबिंदूसाठी थंडीपर्यंत थांबले तर बहुधा काही बिघडत नाही. शस्त्रक्रियेनंतर दृष्टी परत येते. काचबिंदूने नेलेली दृष्टी मात्र कधीच परत येत नाही, आणि मॅक्युलाच्या एका प्रकारात तर हिशेब महिन्यांचा नसून आठवड्यांचा असतो. म्हणूनच कमी दिसते म्हणजे कुठे आणि कसे कमी दिसते, हा प्रश्न घरच्यांनी विचारायला हवा.

डोळ्याची रचना आपण अगदी थोडक्यात पाहू. बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. खोलीच्या खिडकीची काच समजा. ही काच गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. डोळ्याच्या आतल्या मागच्या भिंतीवर दृष्टिपटल असते, तो चित्र उमटण्याचा पडदा. या पडद्याच्या मधोमध काही मिलिमीटरांचा एक ठिपका आहे, त्याला मॅक्युला म्हणतात. अक्षरे वाचणे, माणसाचा चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही सगळी बारीक कामे या इवल्याशा जागेवर अवलंबून असतात. आणि पडद्यावरचे चित्र मेंदूकडे नेणारी दोरी म्हणजे दृष्टीची नस. काचबिंदूत ही नस हळूहळू सुकत जाते. काच, पडद्याचा मध्य आणि दोरी या तीन निरनिराळ्या जागा आहेत, त्यामुळे तिथल्या बिघाडाची जाणीवही निरनिराळी होते. नावांतील साम्यामुळे 'मोतीबिंदू पिकला की त्याचा काचबिंदू होतो' असा समज पुष्कळ घरांत आढळतो. एक बिघाड काचेचा आणि दुसरा दोरीचा. एकाचे रूपांतर दुसऱ्यात होत नाही.

मोतीबिंदूची जाणीव ही धुक्याची जाणीव आहे. संपूर्ण दृश्यावर, मध्यभागी आणि कडेला सारखाच, एक पातळ दुधी पडदा आल्यासारखे वाटते. काही जण वारंवार चष्मा पुसत राहतात. रंग मावळतात, पांढरे धोतर पिवळसर भासते, निळ्या आणि काळ्या दोऱ्यांतील फरक कळेनासा होतो. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा चहूकडे फुटतो आणि डोळे दिपतात. एका डोळ्याने पाहतानाही चंद्र दोन-तीन दिसू शकतात. चष्म्याचा नंबर वरचेवर बदलू लागतो, आणि यातच एक गमतीचा प्रकार घडतो. भिंगाचा मधला गाभा घट्ट होऊ लागला की जवळचे काही काळ चांगले दिसू लागते. "आजोबा आता चष्म्याशिवाय पेपर वाचतात" असे कौतुक घरात होते, पण त्याच वेळी दूरचे अस्पष्ट झालेले असते आणि वाचनाचे हे सुखही पुढे ओसरते. हे सारे वर्षा-दोन वर्षांत, सावकाश घडते. डोळा दुखत नाही, सरळ रेघ वाकडी दिसत नाही. हा शेवटचा तपशील ध्यानात ठेवावा, कारण आता त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

त्र्याहत्तर वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका श्रावणात माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घेण्यासाठी आल्या होत्या. वर्षभरापूर्वी त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात असल्याचे सांगण्यात आले होते आणि दिवाळीनंतर शस्त्रक्रिया करायची, हे घरात ठरले होते. निघताना त्या सहज म्हणाल्या, "आता हातही थरथरायला लागला बहुतेक. तुळशीपुढे ठिपक्यांची रांगोळी काढते, तर ठिपके एका ओळीत पडतच नाहीत." मी त्यांना हात पुढे धरायला सांगितला. हात स्थिर होता. सहीसुद्धा पूर्वीइतकीच वळणदार. मग ठिपक्यांची ओळ वाकडी का?

दवाखान्याच्या भिंतीवर टांगलेली दिनदर्शिका काढून मी त्यांच्या हातात दिली. वाचायचा चष्मा लावून, पुस्तक धरतो तेवढ्या अंतरावर धरून, डावा डोळा तळहाताने झाकायला सांगितले आणि महिन्याच्या मधल्या तारखेकडे पाहायला सांगितले. उजव्या डोळ्याने चौकटी जरा पुसट, पण सरळ दिसत होत्या. नंतर उजवा डोळा झाकला. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मधल्या रेघेला पोट आलंय. आणि पंधरा तारीख कुठं गेली?" मधली तारीख करड्या डागाखाली गेली होती, तर कडेच्या तारखा त्यांना नीट दिसत होत्या. तीन आठवड्यांपासून हे होत असावे, असे विचारता विचारता कळले. वाचताना शब्दाच्या मधले अक्षर गिळल्यासारखे व्हायचे, दाराची चौकट कधी कधी वाकल्यासारखी वाटायची. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव भरून काढत होता, म्हणून त्यांना ते डोळ्याचे दुखणे वाटलेच नाही.

मग तक्त्यावर दृष्टी तपासली. चष्म्यासह उजव्या डोळ्याची ६/१२ आणि डाव्याची ६/३६, म्हणजे निरोगी डोळ्याला ३६ मीटरवरून वाचता येणारे अक्षर त्यांना डाव्या डोळ्याने ६ मीटरवरून वाचता येत होते. जाड पुठ्ठ्याला पाडलेल्या बारीक छिद्रातून पाहायला सांगितल्यावर उजव्या डोळ्याला एक ओळ अधिक वाचता आली. चष्म्याचा नंबर चुकलेला असला किंवा मोतीबिंदू थोडा असला, तर छिद्रातून बहुधा असा फरक पडतो. डाव्या डोळ्याला काहीच फरक पडला नाही. याचा अर्थ दोष निदान केवळ काचेत नव्हता. पडद्यात असण्याची शक्यता दाट होती. दिवाळीची वाट पाहण्याचा प्रश्न तिथेच संपला. त्यांना त्याच आठवड्यात दृष्टिपटलाच्या तज्ज्ञांकडे पाठवले. तिथे ओसीटी नावाची तपासणी झाली. डोळ्याला स्पर्श न करता प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याच्या थरांचे चित्र घेणारी ही काही मिनिटांची तपासणी आहे. मॅक्युलाखाली पाणी साचलेले त्यात दिसले.

मॅक्युलाची झीज दोन प्रकारची असते. कोरड्या प्रकारात पेशी वर्षानुवर्षे सावकाश विरळ होत जातात. वाचायला अधिक उजेड लागतो, उन्हातून घरात आल्यावर डोळे स्थिरावायला वेळ लागतो, चेहरे ओळखणे कठीण होते. हाच प्रकार अधिक आढळतो. ओल्या प्रकारात मात्र पडद्याखाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात आणि त्यांतून पाणी किंवा रक्त झिरपते. चौकड्यांच्या चादरीखाली कुणी वाटी सरकवली तर वरच्या रेघा जशा फुगतात, तशी गत पडद्याची होते, आणि म्हणून सरळ रेघ वाकलेली दिसते. हे काही दिवसांत किंवा आठवड्यांत घडते. पाणी दीर्घकाळ राहिले, तर तिथे व्रण तयार होतो आणि मग कोणत्याही उपचाराने मधली दृष्टी परतत नाही.

या बाईंना डोळ्यात इंजेक्शने घ्यावी लागली. पहिले तीन महिने दरमहा एक आणि पुढे ओसीटीत दिसेल त्याप्रमाणे. 'डोळ्यात सुई' हे शब्द ऐकूनच घरातील मंडळी हादरली होती. प्रत्यक्षात डोळा थेंबांनी बधिर करून पांढऱ्या भागातून अतिशय बारीक सुई दिली जाते, आणि ते काम क्षणात उरकते. क्वचित जंतुसंसर्ग होऊ शकतो. त्यामुळे इंजेक्शननंतरच्या दिवसांत डोळा वाढत्या प्रमाणात दुखू लागला, लाल झाला किंवा नजर उतरली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे असते. तीन इंजेक्शनांनंतर त्यांची दिनदर्शिकेची रेघ जवळजवळ सरळ झाली आणि दृष्टी ६/१८ वर आली. मधोमध एक फिकट डाग राहिला तो राहिलाच. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे सवडीने झाली. डाव्या डोळ्याचे आधी आणि उजव्याचे नंतर, हा क्रम त्या वाकड्या रेघेने ठरवला.

दिनदर्शिकेची ही युक्ती माझी नाही. मार्क ॲम्सलर या स्विस नेत्रतज्ज्ञांनी चौकटींचा एक तक्ता तयार केला होता, तो आजही त्यांच्याच नावाने जगभर वापरला जातो. दहा सेंटिमीटरच्या चौरसात पाच-पाच मिलिमीटरच्या चौकटी आणि मधोमध एक ठिपका, एवढेच त्याचे रूप. गणिताच्या वहीच्या पानावरही तो आखता येतो. आपल्या घरात दिनदर्शिका आहेच. आठवड्यातून एकदा, चांगल्या उजेडात, वाचायचा चष्मा लावून, एका वेळी एकच डोळा उघडा ठेवून मधल्या तारखेकडे पाहावे. नजर मधून हलवू नये. कोठे रेघ वाकली, चौकट पुसली गेली किंवा डाग पडला, असे नव्याने जाणवले, तर दोन-तीन दिवसांतच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. मात्र ही चाचणी फक्त मधल्या दृष्टीची आहे. ती ठीक निघाली म्हणजे डोळा निरोगी असे समजू नये, कारण काचबिंदू तिच्या चाळणीतून सहज निसटतो.

मॅक्युलाच्या रुग्णांच्या घरी आणखी एक गोष्ट घडते, ती संकोचाने सांगितली जात नाही. दृष्टी बरीच कमी झाल्यावर काही ज्येष्ठांना प्रत्यक्षात नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. अंगणात उभी मुले, भिंतीवर वेलबुट्टी, कधी अनोळखी चेहरे. आवाज येत नाहीत, आणि हे खरे नाही हे त्या व्यक्तीला बहुधा ठाऊक असते. रिकाम्या पडलेल्या पडद्यावर मेंदू आपल्या मनाची चित्रे काढतो, असे म्हणता येईल. शार्ल बोने या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत हे नोंदवले आणि त्यामुळे या अवस्थेला त्याचे नाव मिळाले. आई भ्रमिष्ट झाली किंवा घरात काही 'आहे', असा निष्कर्ष काढण्यापूर्वी तिचे डोळे तपासून घ्यावेत. मात्र आवाजही ऐकू येत असतील, किंवा दिसलेले खरेच आहे असे तिला वाटत असेल, तर ते डॉक्टरांना वेगळे सांगावे.

आता काचबिंदूकडे वळू. त्याच्याविषयी सांगण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की बराच काळ तो जाणवतच नाही. चित्रांमध्ये काचबिंदूची नजर म्हणजे काळ्या बोगद्यातून पाहिल्यासारखी दाखवतात, आणि ते पाहून आपल्याला तसा काळोख दिसत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात. खरा रुग्ण काळे काही पाहत नाही. दृश्याचा जो तुकडा नाहीसा झाला, तेथे मेंदू आजूबाजूच्या रंगाचे ठिगळ लावतो. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकतो. मधली दृष्टी शेवटपर्यंत टिकून असल्यामुळे तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचता येते. "माझा नंबर तपासला, सगळं नॉर्मल आहे" या वाक्याने काचबिंदू नाही असे सिद्ध होत नाही.

तरीही घरातल्या माणसांना काही खुणा दिसू शकतात. जिना उतरताना शेवटची पायरी चुकते. ताटाशेजारचे पाण्याचे भांडे हात लागून पडते आणि तेही नेहमी एकाच बाजूचे. रस्ता ओलांडताना रिक्षा 'एकदम कुठून आली' असे वाटते. सिनेमागृहात किंवा अंधाऱ्या बोळात चाचपडायला होते. आपण याला वयाचा धांदरटपणा म्हणतो आणि हातात काठी देतो. काठी द्यावीच, पण डोळेही दाखवावेत. मॅक्युलाच्या रुग्णाशी याची तुलना करून पाहण्यासारखी आहे. मॅक्युला गेलेली आजी घरभर न अडखळता वावरते, पण दारात उभ्या असलेल्या नातवाचा चेहरा ओळखत नाही. काचबिंदू पुढे गेलेले आजोबा नातवाला ओळखतात, पेपरही वाचतात, आणि उठून जाताना मधल्या टीपॉयला धडकतात.

पण या खुणा दिसेपर्यंत नसेचे बरेच तंतू गेलेले असतात, म्हणून काचबिंदूच्या बाबतीत जाणिवेवर विसंबून चालत नाही. डोळ्यातील दाब मोजणे, बाहुली मोठी करून नसेचे टोक पाहणे आणि गरज वाटल्यास कडेच्या दृष्टीचा आलेख काढणे, या तिन्ही गोष्टी लागतात. दाब साधारणपणे १० ते २१ असतो. परंतु केवळ दाब ठीक आहे म्हणून सुटका होत नाही, कारण काही जणांची नस या मर्यादेतल्या दाबानेही झिजते. चाळिशीनंतर दोन-एक वर्षांनी आणि साठीनंतर दरवर्षी अशी तपासणी करावी, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांच्यापैकी कुणाला काचबिंदू असेल तर ती टाळूच नये. एरवी आपल्याकडे शस्त्रक्रियेची चर्चा सगळ्या नातेवाइकांत होते, पण रोजच्या थेंबांविषयी कुणी बोलत नाही. थोरल्या भावाच्या फ्रिजमध्ये वर्षानुवर्षे काचबिंदूची बाटली असते आणि धाकट्याला त्याचा पत्ता नसतो.

थेंबांविषयी एक कानमंत्र. काचबिंदूचे थेंब घातल्याने दिसणे सुधारत नाही. जे आहे ते टिकते. त्यामुळे 'काही फरक पडत नाही' म्हणून महिन्याभरात बाटली बाजूला पडते. हे थेंब सामान्यतः आयुष्यभर चालू ठेवायचे असतात.

काचबिंदूचा एक प्रकार मात्र अजिबात मूक नसतो. डोळ्यातील पाणी बाहेर जाण्याचा मार्ग अचानक बंद होतो, दाब झपाट्याने चढतो, डोळा लाल होऊन तीव्र ठणकतो, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात आणि डोके दुखून उलट्या होतात. रात्रीच्या वेळी हे घडले की घरचे उलट्यांकडे पाहतात आणि पित्ताचे औषध देतात. डोकेदुखी व उलटीसोबत एक डोळा लाल असेल आणि त्या डोळ्याने अंधुक दिसत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. जेथे नेत्रविभाग आहे अशा रुग्णालयात तत्काळ न्यावे. काही तासांचा उशीरही नसेला महागात पडतो.

हे तीन आजार एकमेकांना वगळून येत नाहीत, हेही सांगायला हवे. एकाच डोळ्यात मोतीबिंदू आणि मॅक्युलाची झीज, किंवा मोतीबिंदू आणि काचबिंदू, असे पुष्कळदा असते. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही "आईंना पाहिजे तसं दिसत नाही" अशी तक्रार येते, तेव्हा अनेकदा काच स्वच्छ झालेली असते आणि मागचा पडदा किंवा नस आधीच अधू असते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच नेत्रतज्ज्ञांना थेट विचारावे : मागचा पडदा आणि नस पाहिली का, आणि त्या मानाने किती सुधारणा अपेक्षित धरावी? मोतीबिंदू फार दाट असेल तर मागचे नीट दिसत नाही; अशा वेळी सोनोग्राफीने अंदाज घेतात. मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' थांबण्याचा जुना सल्ला आजच्या शस्त्रक्रियेला लागू नाही. उलट अति पिकलेले भिंग सुजून किंवा पाझरून स्वतःच डोळ्याचा दाब वाढवू शकते. मधुमेह असलेल्यांच्या पडद्याचे दुखणे हा चौथा आणि स्वतंत्र विषय आहे. पण मधुमेह असेल तर पडद्याची तपासणी दरवर्षी हवीच.

नेत्रतज्ज्ञांकडे जाताना तक्रार कशी सांगावी? 'कमी दिसतं' याऐवजी तीन गोष्टी सांगितल्या, तर त्यांचे काम सोपे होते. एकेक डोळा झाकून पाहिल्यावर कोणत्या डोळ्याने कमी दिसते. कमी दिसणे सगळीकडे आहे, मधोमध आहे की कडेला. आणि ते वर्षात झाले, महिन्यात झाले की या आठवड्यात. कागदावर लिहून नेले तरी चालेल. एखाद्या डोळ्याची नजर काही तासांत गेली, डोळ्यापुढे काळे ठिपके अचानक वाढले, विजा चमकल्यासारखे झाले किंवा एका बाजूने पडदा उतरल्यासारखे वाटले, तर वरच्या तीनही आजारांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी जावे.

औषधांची पिशवीही सोबत न्यावी. लघवीसाठी प्रोस्टेटची टॅमसुलोसिन ही गोळी चालू असेल, तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बाहुली नीट मोठी राहत नाही. शल्यचिकित्सकांना आधी ठाऊक असेल तर ते त्याची तयारी करतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. दमा असेल किंवा नाडी मंद असेल, तर ते काचबिंदूचे थेंब लिहून घेण्यापूर्वी सांगावे, कारण टिमोलॉलसारखे थेंब डोळ्यात घातले तरी रक्तात उतरून श्वास आणि नाडीवर परिणाम करू शकतात. डोळे लाल झाले म्हणून औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घातले असतील तर तेही लपवू नये. त्यांनी दाबही वाढतो आणि मोतीबिंदूही. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास जवळचे अंधुक दिसते आणि ऊन सोसत नाही, म्हणून काळा चष्मा आणि सोबतीला एक माणूस घेऊन जावे. स्वतः दुचाकी चालवत जाऊ नये.